‘गंमत केली गं!’

‘काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो’ हे आपल्याकडे कौतुक म्हणून म्हणतात. जाड्या भाच्याला ‘ढोल्या’ म्हणतात, बारीक पुतण्याला ‘काडी पैलवान’. कुणी तोंड पाडलं, की उत्तर ठरलेलं: गंमत केली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

रंगावरून ऐकून घेणाऱ्या मुली पुढे काय करतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. मैत्रीण एका ट्यूबचं नाव सांगते आणि मेडिकलवाला चिठ्ठी न मागता ती देतो. ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं असतात: मोमेटासोनसारखं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगाच्या डागांवर डॉक्टर ती थोडे आठवडे, देखरेखीखाली देतात. मुलगी मात्र रोज रात्री सगळ्या चेहऱ्याला चोपडते. थोड्याच दिवसांत रंग उजळतो आणि लोक वाहवा करतात. खरा घात या वाहवेनेच होतो, कारण मग ट्यूब सुटत नाही.

काही महिन्यांत कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, गालावर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली, तर चेहरा लालबुंद होऊन भाजल्यासारखा जळतो. परत लावली की शांत होतो. हे व्यसनासारखंच चक्र आहे. 2018 मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण गल्लीतल्या दुकानात ती कितपत पाळली जाते हे आपण जाणतोच.

त्याहून वाईट म्हणजे बिनलेबलाच्या डब्या. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं बिघडली, तेव्हा मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून गोरेपणा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पायांवर सूज दिसणं, ही त्याची खूण.

जाडीच्या थट्टेमागे तर चक्क उपकाराचा आव असतो: चिडवलं की लाजून कमी खाईल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने 1998च्या सुमारास शाळकरी मुलांपासून सुरुवात करून तीच मुलं 15 वर्षांनी पुन्हा तपासली. वजनावरून चिडवलेल्यांमध्ये पुढे लठ्ठपणा जास्त निघाला, मन शांत करायला खाण्याची सवयही. मुलींच्या बाबतीत घरच्यांचं चिडवणंही तितकंच बाधलं.

स्टेरॉइडची ट्यूब बरेच महिने वापरली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. ट्यूब हातात घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. चेहरा सावरायला कित्येक महिने लागतात. सुरुवातीला तो आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी चारचौघांत विचारतं, ‘तोंडाला काय झालं गं तुझ्या?’