फाइलीत लहान, मेमरीत मोठे: मोबाइल गेममधल्या चित्रांचा हिशेब

गेम खेळता खेळता फोन येतो. दोन मिनिटे बोलून आपण परत गेममध्ये जातो, तर तो पुन्हा पहिल्यापासून, कंपनीच्या बोधचिन्हापासून सुरू झालेला असतो. याचे नेहमीचे कारण असे, की मधल्या काळात अँड्रॉइडला मेमरी कमी पडली आणि मागे उभ्या असलेल्या अॅपांपैकी जड अॅप त्याने बंद करून टाकले. गेम इतका जड होतो तो मुख्यतः त्यातल्या चित्रांमुळे. भिंतीचा दगड, सैनिकाचा अंगरखा, जमिनीवरचे गवत अशी त्रिमितीय आकारांवर चढवलेली ही चित्रे असतात. गेम बनवणारे त्यांना टेक्स्चर म्हणतात.

इथे नवख्यांची एक ठरलेली फसगत होते. चित्राची पीएनजी फाइल दोन-तीन एमबीची दिसते, म्हणून मेमरीतही ते तेवढीच जागा घेईल असे वाटते. प्रत्यक्षात चित्र पडद्यावर आणणाऱ्या चिपला, म्हणजे जीपीयूला, पीएनजी किंवा जेपीईजी थेट वाचता येत नाही. कापडाच्या गुंडाळीचा मधला तुकडा पाहायला आधीची गुंडाळी उलगडावी लागते, तसेच या फाइलींचे असते. जीपीयूला तर क्षणात चित्राचा हा कोपरा हवा असतो आणि दुसऱ्या क्षणाला तो. त्यामुळे फाइल आधी पूर्ण उलगडून मेमरीत मांडावी लागते. लांबी-रुंदी प्रत्येकी 2048 पिक्सेल असलेल्या चित्रात सुमारे 42 लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार बाइट लागतात, म्हणजे एकूण 16 एमबी. दूरच्या वस्तूंसाठी त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रतीही सोबत ठेवतात. त्यांना मिपमॅप म्हणतात. त्या धरल्या की आकडा 21 एमबीच्या पुढे जातो. फोनमध्ये जीपीयूला वेगळी मेमरी नसते. हे सगळे फोनच्या त्याच सामायिक मेमरीतून जाते.

यावरचा उपाय म्हणजे मेमरीतही आवळलेलेच राहील आणि जीपीयू हवा तो तुकडा थेट उचलू शकेल असे स्वरूप. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात ईटीसी1 वापरत. त्यात पारदर्शकता साठवता येत नसल्याने तिच्यासाठी दुसरे चित्र जोडावे लागे. जुन्या आयफोनवर पीव्हीआरटीसी चाले. पुढे ईटीसी2 आले, पण त्यात पारदर्शकता पूर्ण बारकाव्याने हवी असेल तर जागा दुप्पट होते. 2012 साली आर्म आणि एएमडी या कंपन्यांनी विकसित केलेले एएसटीसी पुढे आले आणि निवड बरीच सोपी झाली. आयफोनमध्ये ते 2014 च्या आयफोन 6 पासून आहे. आज वापरात असलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवरही ते चालते.

एएसटीसीची मूळ कल्पना साधी आहे. चित्राचे सारखे चौकोनी ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येक ब्लॉकला नेमके 16 बाइट द्यायचे, ना कमी ना जास्त. त्यामुळे कोणताही ब्लॉक मेमरीत कुठे आहे हे जीपीयूला साध्या गुणाकाराने कळते. ब्लॉकमध्ये दोन टोकांचे रंग लिहिलेले असतात आणि पिक्सेल त्या दोन रंगांच्या मध्ये कुठे पडतो एवढेच साठवलेले असते. एका ब्लॉकमध्ये दगड आणि आकाश अशा दोन वेगळ्या गोष्टी आल्या, तर ब्लॉकचे भाग पाडून प्रत्येकाला रंगांची स्वतंत्र जोडी देता येते.

निवड उरते ती ब्लॉकच्या आकाराची. 16 बाइट ठरलेलेच, त्यामुळे ब्लॉक मोठा तितकी बचत जास्त आणि बारकावा कमी. वरचेच 2048 चे चित्र मिपमॅपसह धरले, तर 4x4 ब्लॉकला ते साधारण 5.3 एमबी घेते, 6x6 ला 2.4 आणि 8x8 ला 1.3. आर्मच्या मोफत साधनाने ते असे आवळतात:

```
astcenc -cs wall.png wall.astc 6x6 -medium
```

मात्र आधी ब्लॉक आणि मग मेमरी, असा क्रम लावला की घोळ होतो. आधी मेमरीचे बजेट ठरले पाहिजे. समजा, डोंगरी किल्ल्याच्या एका लेव्हलमध्ये 2048 ची 40 टेक्स्चर आहेत आणि स्वस्तातल्या फोनचा विचार करून टेक्स्चरसाठी 150 एमबी राखले आहेत. न आवळता ही चित्रे 850 एमबी घेतील. सगळी 4x4 केली तरी 213 एमबी होतात, म्हणजे बजेटबाहेर. सगळी 6x6 केली तर 95 एमबीत बसतात, पण चेहऱ्यांवर डाग पडतात आणि उन्हात दगडांची चमक चौकटीचौकटीने तुटते.

म्हणून प्रत्येक चित्राला, ते डोळ्यांना कसे दिसणार आहे ते पाहून ब्लॉक द्यायचा. पात्रांचे चेहरे आणि नॉर्मल मॅप मिळून 14 चित्रे 4x4 वर ठेवली. नॉर्मल मॅपमध्ये रंग नसतो, पृष्ठभागाचा उतार साठवलेला असतो. त्यातली छोटी चूकही प्रकाश पडला की मोठी दिसते. भिंती, पायऱ्या, दरवाजे अशी 18 चित्रे 6x6 वर गेली, तर दूरचे डोंगर आणि खडबडीत माती अशी आठ 8x8 वर. या तीन गटांची बेरीज 75, 43 आणि 11, म्हणजे 129 एमबी होते. उरलेले 21 एमबी बटणे, अक्षरे आणि नकाशा यांच्यासाठी राहतात. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, म्हणून तीही 4x4 वरच ठेवावीत.

चूक पडद्यावर ओळखता येते. संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसले किंवा बारीक रेषांभोवती चौकोनी घाण दिसली, तर त्या चित्राचा ब्लॉक एक पायरी लहान करावा. बजेट परवानगी देत नसेल तर दुसऱ्या कमी महत्त्वाच्या चित्राचा मोठा करावा. 2048 चे चित्र 8x8 वर आणि 1024 चे चित्र 4x4 वर सारखीच मेमरी घेतात, हेही लक्षात ठेवावे. कोणते चांगले दिसते ते चित्रागणिक बदलते, तेव्हा दोन्ही फोनच्या पडद्यावर शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

काही चुका मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. एएसटीसी न समजणारा जुना फोन असला, की युनिटीसारखे इंजिन ते चित्र चालू करतानाच उलगडते. गेम चालतो, पण मेमरी अनेक पटींनी फुगते. युनिटीतला Read/Write हा पर्याय विनाकारण चालू राहिला, तर चित्राची दुसरी प्रत मेमरीत पडून राहते. म्हणून खरा आकडा फोनवरच मोजावा लागतो. फोन संगणकाला जोडून ही आज्ञा दिली की अॅपची मेमरी गटवार दिसते, आणि त्यातली Graphics ही ओळ आधी पाहायची:

```
adb shell dumpsys meminfo com.example.game
```

हा आकडा सहसा गेम प्रकाशित व्हायच्या आदल्या आठवड्यात पाहिला जातो. तोवर चित्रे तयार झालेली असतात आणि घाईघाईने सगळ्यांना एकच मोठा ब्लॉक लावून गेमचा चेहरा बिघडवला जातो. पहिले चित्र रंगवण्याआधी बजेट लिहून काढावे आणि ज्या फोनवर तो गेम सर्वाधिक खेळला जाणार आहे, त्यातल्या सर्वांत स्वस्त फोनवर दर आठवड्याला हा आकडा तपासावा.