लहान बाथरूममध्ये मोठी टाइल बसवताना

फ्लॅटमधल्या साधारण चार बाय सात फुटांच्या बाथरूमसाठीही आता भिंतीला ६०० बाय १२०० मिलिमीटरची, म्हणजे दोन बाय चार फुटांची टाइल सर्रास निवडली जाते. सांधे कमी, भिंत सलग आणि घासायला सोपी. पण एका ओळीत जेमतेम तीन-चार टाइल बसत असल्याने प्रत्येक काप नजरेत भरतो. लहान टाइलच्या पंधरा-वीस सांध्यांत थोडा थोडा फरक जिरवता येतो. इथे तशी सोय नसते. म्हणून पहिली टाइल चिकटवण्याआधीच सगळी आखणी व्हायला हवी.

उदाहरणादाखल, प्लास्टरनंतर लांब भिंत २१३० मिमी आणि आखूड भिंत १२३० मिमी भरली, असे समजू. टाइल उभी लावायची आहे आणि सांधा २ मिमी ठेवायचा आहे. आखूड भिंतीवर कोपऱ्यापासून सुरुवात केली तर दोन अख्ख्या टाइलनंतर जेमतेम २६ मिमीची पट्टी उरते. ती कापताना तुटते, आणि बसली तरी ठिगळासारखी दिसते. त्याऐवजी एक अख्खी टाइल मधोमध घेतली, की दोन्ही बाजूंना ३१३ मिमीचे सारखे तुकडे येतात. लांब भिंतीवर मधोमध दोन अख्ख्या टाइल घेतल्यास दोन्ही कडांना ४६२ मिमीचे तुकडे पडतात. दोन्ही भिंतींवर टाइलची संख्या कोपऱ्यापासून लावली असती तितकीच राहते. जादा खर्च नाही. मात्र खोक्यावरच्या मापावर विसंबू नये. ६००च्या नावाखाली येणारी टाइल पुष्कळदा ५९८ भरते, म्हणून खोके उघडून, टाइल मोजून मगच आकडेमोड करावी.

रुंद तुकड्याचा आणखी एक फायदा आहे. कोपरा क्वचितच ओळंब्यात असतो. समजा वरच्या बाजूला तो ८ मिमी आत झुकलेला आहे. अशा वेळी तुकडा खाली ४६२ आणि वर ४५४ असा तिरपा कापावा लागतो. एवढ्या रुंदीत तो तिरपेपणा डोळ्याला जाणवत नाही. २६ मिमीच्या पट्टीत मात्र तो लगेच उघडा पडतो. म्हणून कोपऱ्यातले माप नेहमी वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे. कापलेली कड कोपऱ्यात आणि कारखान्यातली कड सांध्याकडे ठेवावी.

सरळ काप रेलच्या कटरवर स्वच्छ येतो. नळाच्या भोकासाठी हिऱ्याच्या दातांचा होल सॉ लागतो. खिडकीपाशी ‘एल’ आकाराचा काप घेताना ग्राइंडर आतल्या कोपऱ्यापलीकडे गेला, की तिथूनच तडा जातो. त्या कोपऱ्यावर आधी ६ मिमीचे भोक पाडून काप त्या भोकापाशी थांबवला, तर हा धोका बराच टळतो.

शेजारच्या दोन टाइलच्या कडा वर-खाली होणे हा मोठ्या टाइलचा नेहमीचा दोष. त्याचे मूळ बहुधा भिंतीत असते. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला टेकवून फट पाहावी. सुमारे ३ मिमीपेक्षा जास्त खळगा असेल, तर आधी तो भरून घ्यावा. चिकटद्रव्य जाड थापून भिंत सरळ करू नये, कारण जाड थर सुकताना आक्रसतो आणि टाइल ओढतो. दुसरे कारण टाइलमध्येच असते. लांब टाइल मध्यभागी किंचित फुगीर असू शकते. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरल्या, की ते कळते. विटांसारखी अर्धी सरकवून रचना केली, तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या दबलेल्या टोकाशेजारी येतो. म्हणून सरळ सांध्याची रचनाच बरी. सरकवायचीच असेल, तर एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. लेव्हलिंग क्लिपा कडा एका पातळीत धरतात, पण वाकडी भिंत सरळ करत नाहीत.

विट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे सिमेंटच्या घोळावर तिची पकड भरवशाची नसते. तिच्यासाठी टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरावे. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढाव्यात आणि टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्यावा. पहिली टाइल काढून पाठ तपासावी. कोरडे पट्टे दिसले, तर थर कमी पडला आहे. काम पुढे गेल्यावर पोकळ भाग ठोकून पाहिल्यावरच कळतो.

घासून सरळ केलेल्या कडांच्या टाइलला २ मिमी सांधा चालतो. साध्या कडांच्या टाइलचे माप कमी-जास्त असते, त्यांना ३ मिमी तरी द्यावा. टाइल टाइलला भिडवून लावण्याचा आग्रह धरू नये, कारण भिंत थोडीशी हलली तरी कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन टवके उडतात. अ‍ॅडहेसिव्ह पुरेसे धरल्यावर, सहसा दुसऱ्या दिवशी, ग्राउट भरावे. सतत ओल्या राहणाऱ्या भागात एपॉक्सी ग्राउट टिकते. दोन भिंतींचे कोपरे आणि भिंत-जमिनीचा सांधा मात्र ग्राउटने भरू नये. तिथे सिलिकॉन सीलंट हवे, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउटला तिथेच चीर पडते.