एकाच क्लायंटवर चाललेलं घर

फ्रीलान्सरचे किती पैसे कुणाकडून येतात, हे आयकर पोर्टलवरच्या टीडीएसच्या विवरणात क्लायंटनिहाय दिसतं. टीडीएस न कापणारे छोटे क्लायंट त्यात नसतात. ते बँकेच्या पासबुकातून जोडायचे.

समजा, पुण्यातली एक अनुवादक महिन्याला 75,000 कमावते. त्यातले 60,000 एकाच एजन्सीचे: शब्दाला दीड रुपया, 40,000 शब्द. म्हणजे 80 टक्के. शिवाय रोज 2,000 शब्द उरकल्यावर नवं काम शोधायला वेळ कुठून आणणार? खरी गोम इथेच आहे.

म्हणून ती एजन्सी सोडत नाही, तिचं काम 30,000 शब्दांवर आणते. 15,000 रुपये बुडतात खरे. पण थेट प्रकाशकाकडून शब्दाला अडीच रुपये मिळाले, तर 6,000 शब्दांतच ते भरून निघतात. कमाई तीच, एजन्सीचा वाटा मात्र 60 टक्के. नमुना, होकार, पहिलं बिल आणि त्याचे पैसे यांत तीन-चार महिने सहज जातात, तेवढी शिल्लक आधी हवी.

एक फसगत हमखास होते. दुसरी एजन्सी मिळाली म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि दोघींचंही काम एकाच कंपनीकडून येत असतं. फाइलमधली उत्पादनांची नावं पाहिली की ते लगेच कळतं.