गॅस अलार्म खाली लावावा की वर?



ऊसनोंदणीच्या निमित्ताने आम्ही मोहाडी-तुमसर भागातल्या गावांत फिरतो. पुष्कळ सभासदांच्या घरी आता दोन प्रकारचा गॅस आहे. स्वयंपाकघरात सिलिंडर आणि परसातून नळीने येणारा गोबर गॅस. काहींनी गळतीची सूचना देणारा गॅस अलार्मही आणला आहे. हा डबा कुठे लावावा आणि तो उगाच का ओरडतो, हे दोन प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात. दोन्हींचे उत्तर तो गॅस कसा ओळखतो यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

डब्यात असते काय?

घरगुती अलार्ममध्ये बहुधा टिन ऑक्साइड या पदार्थाचा बारीक थर असतो. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी ही युक्ती शोधली. या थराखाली छोटा हीटर असतो व तो थराला शेकडो अंश तापवत ठेवतो. तापलेल्या थरावर हवेतला प्राणवायू चिकटून बसतो आणि विजेची वाट अडवतो. जळणारा गॅस आला की तो या प्राणवायूशी संयोग पावतो, अडवणूक कमी होते आणि वीज सहज वाहू लागते. एका ठरावीक मर्यादेपलीकडे ती वाहिली की गजर होतो. ही मर्यादा गॅस पेट घेईल त्या प्रमाणाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवलेली असते.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा थर गॅसचे नाव ओळखत नाही. प्राणवायूशी संयोग पावणारी कोणतीही वाफ त्याला सारखीच. दुसरी, जो गॅस त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याची त्याला खबर नसते.

सिलिंडरचा गॅस जमिनीवर बसतो

सिलिंडरमधला गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. पाण्यासारखा तो खाली उतरतो, जमिनीवर पसरतो आणि खोलीला उंच उंबरा असेल तर त्याच्या आत साठतो.

एक हिशेब करून पाहू. स्वयंपाकघर लांब, रुंद व उंच प्रत्येकी १० फूट. त्यातली हवा सुमारे २८,००० लिटर. हा गॅस हवेत सुमारे २ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणजे सगळी खोली भरायला ५६० लिटर, वजनाने सव्वा किलोच्या आसपास गॅस लागेल. पण रात्री दारे-खिडक्या बंद आहेत, हवा हलत नाही, आणि गॅस तळच्या एका फुटातच राहिला, तर त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम भागते. म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम! भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो.

आता अडचण अशी, की आपल्याकडे भिंतीवरचे विजेचे बटण व प्लग चार-पाच फुटांवर असतात. प्लगमध्ये थेट खोचायचा अलार्म साहजिकच तिथे बसतो. तळाशी धोका तयार झाला तरी वरच्या डब्याला पत्ता नसतो. म्हणून सिलिंडरसाठीचा अलार्म जमिनीपासून एक फुटाच्या आत असावा. त्यासाठी खाली वेगळा प्लग घ्यावा किंवा तारेचा अलार्म आणावा. शेगडी व सिलिंडरपासून तो तीन ते दहा फुटांवर ठेवावा. दाराआड, मोरीजवळ किंवा पोछ्याचे पाणी उडेल अशा जागी नको.

गोबर गॅसचे थोडे वेगळे

शहरात नळाने येणारा नैसर्गिक गॅस जवळजवळ सगळा मिथेन असतो. तो हवेच्या सुमारे निम्म्या वजनाचा, म्हणून सरळ छताकडे जातो. त्याचा अलार्म छतापासून एक फुटाच्या आत, दार-खिडकीच्या वरच्या कडेहून उंच लावतात. मध्ये तुळई असेल तर शेगडीच्या बाजूला लावावा, कारण तुळई गॅसला अडवते.

गोबर गॅसमध्येही मिथेन असतो, पण साधारण ६० टक्केच. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि तो जड. दोन्ही मिळून गोबर गॅस हवेपेक्षा किंचितच हलका भरतो. तो छताकडे धाव घेत नाही, हवेत मिसळत राहतो. म्हणून त्याचा अलार्म वर लावावा हे खरे, पण नळी, कॉक आणि शेगडी यांच्या बाजूलाच, फार दूर नको. कवेलूच्या छपरातून गॅस निघून जातो, खाली माळा किंवा स्लॅब असेल तर अडकतो. दोन्ही गॅस असलेल्या घरात एका डब्यावर भागत नाही. एक खाली, एक वर, आणि प्रत्येकावर त्या त्या गॅसचे नाव छापलेले पाहूनच घ्यावा.

खोटा गजर कसा ओळखावा?

एका सभासदाच्या घरी आम्ही गेलो तेव्हा अलार्म फडताळात पडलेला होता. त्यांच्या आई म्हणाल्या, “साहेब, हा डबा रोजच बोंबलते, म्हणून काढून ठेवला.” आम्ही सुचवले, की आठ दिवस तो परत लावा आणि प्रत्येक गजराची वेळ व त्या वेळी काय चालले होते ते कॅलेंडरवर लिहा.

आठवड्याने नोंदी पाहिल्या. बहुतेक गजर सकाळी फोडणीच्या वेळचे होते, कारण डबा शेगडीच्या अगदी वरच्या बाजूस होता आणि तेलाची वाफ थेट त्याच्यावर जात होती. दोन गजर लाईन जाऊन परत आल्यावर लगेच झाले होते. हीटर थंड पडला की थर पुन्हा तापेपर्यंत काही मिनिटे त्याचा भरवसा नसतो. एक गजर शेजारच्या खोलीत फवारणीचे औषध ओतताना झाला. त्या औषधातल्या द्रावकाची वाफही थराला गॅससारखीच. थिनर, सॅनिटायझर, डासांचा स्प्रे, आंबलेला मोह आणि चार्ज होणारी इन्व्हर्टरची बॅटरी यांनीही असेच होते.

पण एक नोंद रात्री अकराची होती. शेगडी बंद, लाईन चालू, खोलीत कसलाही वास नाही. साबणाचा फेस लावून पाहिला, तेव्हा गोबर गॅसच्या नळीतले पाणी काढायच्या कॉकजवळ बुडबुडे आले. सात गजर खोटे होते म्हणून आठवाही खोटा ठरवला असता तर ही गळती राहून गेली असती. अलार्म शेगडीपासून बाजूला, वर सरकवल्यावर फोडणीचे गजर थांबले.

उलट चूकही होते. सिलिकॉनच्या पॉलिशची किंवा स्प्रेची वाफ थरावर बसली की अलार्म मुका होतो आणि दिवा मात्र हिरवाच दिसतो. चाचणीचे बटण बहुधा फक्त भोंगा तपासते, थर नाही. म्हणून महिन्यातून एकदा, शेगडी बंद असताना, न पेटवता लायटरचा गॅस सेकंदभर डब्याजवळ सोडावा. गजर झालाच पाहिजे. डब्यावर छापलेली मुदत, बहुधा पाचेक वर्षे, संपली की तो बदलावा.

गजर झाला तर

प्रत्येक गजर आधी खराच मानावा. विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंखाही नाही, आणि अलार्मचा प्लगही ओढू नये, कारण ठिणगी तिथेच पडते. आगपेटी, लायटर दूर ठेवावे. रेग्युलेटर व गोबर गॅसचा कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर यावे. सिलिंडरची गळती असेल तर बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करावा. खोटा की खरा याचा तपास त्यानंतर.