सहा जणांना किती सर्व्हिसेस झेपतात?

नवं प्रॉडक्ट बांधायला बसलेल्या टीमच्या फळ्यावर पहिल्या आठवड्यातच चौकोन दिसू लागतात. युजर सर्व्हिस, ऑर्डर सर्व्हिस, वॉलेट सर्व्हिस, नोटिफिकेशन सर्व्हिस. बघता बघता चौकोन फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसांपेक्षा जास्त होतात. सहा जणांच्या टीममध्ये एक जण धंदा सांभाळणारा, एक डिझाइनचा, एक मोबाइल अ‍ॅपचा. सर्व्हरच्या बाजूचं काम बघणारे उरतात तिघंच. फळ्यावरचे आठ चौकोन या तिघांच्या डोक्यावर येणार असतात.

या चौकोनांना मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र छोटा प्रोग्राम, त्याचा स्वतःचा डेटाबेस, आणि सगळे एकमेकांशी नेटवर्कवरून बोलणार. याउलट मोनोलिथ म्हणजे सगळी कामं एकाच प्रोग्राममध्ये, एकाच डेटाबेसवर. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची तर सगळी एकदम. ‘मोनोलिथ’ हा शब्द आपल्या आयटी कंपन्यांमध्ये जरा तुच्छतेनेच उच्चारला जातो. तसं का होऊ नये, हे एका उदाहरणातून बघू.

समजा, पुण्यातल्या खानावळींसाठी डब्यांचं अ‍ॅप बनवायचं आहे. विद्यार्थी वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरतात आणि रात्री दहापर्यंत उद्याचा डबा नोंदवतात. डबा 90 रुपयांना. खानावळ रोज 80 डबेच देऊ शकते. म्हणजे एका नोंदणीत तीन गोष्टी व्हायला हव्यात: खानावळीच्या शिलकीतला एक डबा कमी होणं, वॉलेटमधून 90 रुपये वजा होणं आणि डब्याची नोंद होणं. मोनोलिथमध्ये डेटाबेसला हे असं सांगतात:

```sql
BEGIN;
UPDATE mess SET shillak = shillak - 1
  WHERE id = 7 AND shillak > 0;
UPDATE wallet SET rakkam = rakkam - 90
  WHERE user_id = 412 AND rakkam >= 90;
INSERT INTO dabe (user_id, mess_id) VALUES (412, 7);
COMMIT;
```

`BEGIN` आणि `COMMIT` यांच्यामधल्या कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. वॉलेटमध्ये पैसे पुरेसे नसतील, तर दुसऱ्या सूचनेने एकही नोंद बदलत नाही. प्रोग्रामने ते तपासून `COMMIT` ऐवजी `ROLLBACK` म्हणायचं, की कमी केलेला डबाही आपोआप शिलकीत परत जातो. मध्येच वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तरी अर्धवट काहीच राहत नाही. तिन्ही गोष्टी होतात, नाहीतर एकही होत नाही. ही हमी डेटाबेस देतो आणि त्यासाठी टीमला एक ओळही जास्तीची लिहावी लागत नाही.

आता हेच काम तीन सर्व्हिसेसमध्ये वाटू. ऑर्डर सर्व्हिस खानावळ सर्व्हिसला सांगते, एक डबा राखून ठेव. तिने ठेवला. मग वॉलेट सर्व्हिसला सांगते, 412 नंबरच्या ग्राहकाचे 90 रुपये वजा कर. तीन सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही.

सगळी मेख इथे आहे. उत्तर आलं नाही याचे अर्थ तीन. निरोप पोचलाच नसेल. पोचला, पण काम फसलं असेल. किंवा पैसे वजा झाले आणि फक्त ‘झालं’ हे उत्तर वाटेत हरवलं असेल. ऑर्डर सर्व्हिसला या तिन्ही परिस्थिती बाहेरून अगदी सारख्या दिसतात. तिने पुन्हा विचारलं तर तिसऱ्या परिस्थितीत विद्यार्थ्याचे 180 रुपये जातात. नाही विचारलं तर 90 रुपये जाऊन डबा मिळत नाही. एकाच प्रोग्राममध्ये एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली, तर असं अधांतरी राहणं जवळजवळ होतच नाही. नेटवर्क मध्ये आलं की ते ठरलेलं.

यावर उपाय आहेत आणि ते चांगले आहेत. प्रत्येक मागणीला एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर वॉलेट सर्व्हिसने पैसे पुन्हा न कापता जुनंच उत्तर द्यायचं. वॉलेटने नकार दिला, तर खानावळ सर्व्हिसला ‘राखलेला डबा सोड’ असा उलटा निरोप पाठवायचा. पण तो उलटा निरोपही हरवू शकतो. म्हणून तो आधी स्वतःच्या टेबलात लिहून ठेवायचा आणि पोचेपर्यंत पाठवत राहणारा एक वेगळा प्रोग्राम चालू ठेवायचा. तो बंद पडला तर कळावं म्हणून त्याच्यावरही लक्ष ठेवायचं. एवढं सगळं केल्यावर आपल्याला काय मिळालं? वरच्या सहा-सात ओळींत जे फुकट मिळत होतं, जवळपास तेच. आणि तेही लगेच नाही, थोड्या वेळाने.

हे बिघडलं तर कळतं कसं, हाही प्रश्नच आहे. स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत. महिनाअखेरीला खानावळीच्या मालकीणबाई म्हणतात, ‘तुमच्या यादीत 78 डबे होते, तेवढेच मी पाठवले, मग 80 जणांचे पैसे कसे कापलेत?’ मग दोन हरवलेल्या डब्यांसाठी तीन सर्व्हिसेसचे लॉग उघडून वेळेनुसार जुळवत बसायचं. तिन्ही सर्व्हरांची घड्याळं काही मिलिसेकंदांनी पुढेमागे असतात, त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय, यावरही वाद घालता येतो.

मोनोलिथमध्ये ही डोकेदुखी नसतेच असं मात्र नाही. विद्यार्थी यूपीआयने वॉलेट भरतो, तेव्हा पेमेंट गेटवे दुसऱ्या कंपनीचा असतो, आणि तिथे हे क्रमांकाचं, पुन्हा विचारण्याचं, ताळा करण्याचं काम करावंच लागतं. पण ते एका सीमेवर. तिघांनी एक सीमा नीट राखणं शक्य आहे. अशा सात सीमा स्वतः होऊन उभ्या करायच्या, हे मला पटत नाही.

दुसरी अडचण जास्त चोरपावलांनी येते. पहिल्या प्रॉडक्टमध्ये कुठला चौकोन कुठे संपतो, हे कुणालाच माहीत नसतं. दोन महिन्यांनी एका फ्लॅटमध्ये राहणारे चौघं म्हणतात, आम्हाला एकच सामाईक वॉलेट द्या. खानावळवाले म्हणतात, अर्ध्या डब्याची सोय करा. सामाईक वॉलेट आल्यावर ‘ग्राहक कोण’ याचाच अर्थ बदलतो आणि तो ऑर्डर, वॉलेट, खानावळ तिन्हीकडे बदलावा लागतो. मोनोलिथमध्ये हा एकच बदल असतो: कोड बदला, टेबल बदला, टेस्ट चालवा, चढवा. तीन सर्व्हिसेसमध्ये आधी वॉलेटने जुनी आणि नवी अशा दोन्ही भाषा बोलायला शिकायचं, मग बाकीच्यांनी एकेक करून नवीवर यायचं, आणि शेवटी जुनी भाषा काढून टाकायची. ती शेवटची पायरी बहुतेक टीम कधीच करत नाहीत. मार्टिन फाउलर यांनी 2015 मध्ये ‘आधी मोनोलिथ’ असा सल्ला लिहिला, त्यामागे हेही एक कारण होतं: सीमा चुकल्या तर त्या एका प्रोग्राममध्ये हलवणं सोपं, सर्व्हिसेसमध्ये महाग. मायक्रोसर्व्हिसेसची ओळख करून देणारा गाजलेला लेख त्यांनीच जेम्स लुइस यांच्याबरोबर वर्षभर आधी लिहिला होता, त्यामुळे त्यांना पद्धतच नावडती होती असं म्हणायला जागा नाही.

मोठ्या टीमलाही हे जड जातं, याचा सेगमेंट या अमेरिकी कंपनीचा दाखला बोलका आहे. ग्राहकांचा डेटा घेऊन तो डझनावारी वेगवेगळ्या सेवांना पोचवायचा, हे त्यांचं काम. एक सेवा मंदावली की तिच्यामागे सगळ्यांचीच रांग तुंबायची, म्हणून त्यांनी प्रत्येक सेवेसाठी वेगळी रांग आणि वेगळी सर्व्हिस केली. कारण अगदी रास्त होतं. पण सर्व्हिसेस वाढत 140 च्या वर गेल्या. सगळ्यांना लागणारा सामाईक कोड प्रत्येकीत वेगवेगळ्या आवृत्तीचा झाला आणि तीन इंजिनियरांचा बहुतेक वेळ ही यंत्रणा नुसती जिवंत ठेवण्यात जाऊ लागला. शेवटी त्यांनी सगळं पुन्हा एका सर्व्हिसमध्ये आणलं आणि 2018 मध्ये ती कहाणी जाहीरपणे सांगितली. त्यात त्यांनी हेही कबूल केलं की आता एका सेवेच्या कोडमधल्या दोषाने सगळंच कोसळू शकतं. ही किंमत खरी आहे, आणि त्यांनी ती समजून उमजून मोजली.

आपल्या डब्याच्या टीमलाही ती मोजावी लागेल, पण कमी करता येते. तोच प्रोग्राम दोन सर्व्हरांवर चालवायचा, म्हणजे एक पडला तरी दुसरा राहतो. बिलांची पीडीएफ करणं, शेकडो मेसेज पाठवणं अशी सावकाश चालणारी कामं रांगेत टाकायची आणि त्याच कोडमधून चालणाऱ्या वेगळ्या प्रोसेसने ती उपसायची. पीडीएफचं काम मेमरी खाऊन मेलं, तरी डब्याची नोंदणी चालू राहते. अनेक जण याच कारणासाठी मायक्रोसर्व्हिसेसकडे वळतात. त्याची गरज नसते.

आणि आतून शिस्त लागते. `wallet` टेबलात फक्त वॉलेट मॉड्यूलनेच लिहायचं. बाकीच्यांनी त्याच्या फंक्शनला सांगायचं. घाईच्या दिवशी कुणीतरी ऑर्डरच्या कोडमधून थेट रक्कम बदलतोच, म्हणून हा नियम तोंडी न ठेवता टेस्टमध्ये घालायचा, म्हणजे मोडला की कोड पुढे जातच नाही. कॅनडाची शॉपिफाय रूबी ऑन रेल्सवरचा आपला अवाढव्य मोनोलिथ याच धर्तीवर, आतल्या आत विभागून चालवते. ही शिस्त न पाळलेला मोनोलिथ दोन-तीन वर्षांत असा गुंततो की त्याला हात लावायला माणसं घाबरतात. मोनोलिथची बदनामी झाली आहे ती बहुतेक अशांमुळेच.

मग तोडायचं कधी? माणसं वाढून तीन-चार टीम झाल्या आणि एकीची आवृत्ती चढण्यासाठी दुसरी अडून राहू लागली, तेव्हा. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच मांडलं होतं की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिची प्रणाली घडत जाते. सहा जण एका टेबलाभोवती बसत असतील, तर त्यांच्या प्रोग्रामांनी आठ ठिकाणी बसायचं कारण नाही. किंवा एखाद्या भागावरचा भार बाकीच्यांहून अगदी निराळा झाला, तेव्हा. ज्यांनी आधीच तोडलंय त्यांच्यासाठी एक सोपी खूण: दोन सर्व्हिसेस दर वेळी एकत्रच चढवाव्या लागत असतील, तर त्या एकच आहेत, मध्ये उगाच नेटवर्क आलंय. त्या पुन्हा जोडून टाकाव्यात.

डब्याच्या टीमला माझा सल्ला विचाराल, तर एक कोड, एक पोस्टग्रेस डेटाबेस, दोन सर्व्हर आणि एक रांग. एवढ्यावर शहरातल्या शेकडो खानावळी आरामात चालतील. पुढे एखादा तुकडा वेगळा काढावाच लागला, तर आधी पीडीएफचा काढा. वॉलेट सगळ्यात शेवटी.