आधी सांगा, मग विचारा

पहाटे पाचला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे सासरे रात्रीत गेले होते. मी पोचले तेव्हा हॉलमधलं फर्निचर भिंतीला सरकवून झालं होतं, आणि माझी आठ वर्षांची भाची हातात टूथब्रश धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा साडेचार वर्षांचा भाऊ अजून झोपलेला. शेजारच्या काकूंनी तेवढ्यात निकाल दिला होता, "पोरांना खाली आमच्याकडे पाठवा, त्यांनी कशाला बघायचं हे." दुसऱ्या एका नातेवाइकांचं म्हणणं अगदी उलट: "नातवंडांनी पाया पडायलाच हवं, नाहीतर जीव अडकतो." दोघांचीही माया खरी होती. पण ब्रश धरून उभ्या असलेल्या पोरीला कोणीच काही विचारलं नव्हतं.

बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हिला नेऊ का गं स्मशानात?" मी मुलांसोबत काम करते म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचारू, पण आत्ता नाही. आत्ता विचारलंस तर ती तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल.

"येतेस का?" हा प्रश्न मुलाला नुसता विचारण्यात काही अर्थ नसतो. ज्याने कधी प्रेत पाहिलेलं नाही, तिरडी पाहिलेली नाही, बापाला ओक्साबोक्शी रडताना पाहिलेलं नाही, त्याला आपण कशासाठी हो किंवा नाही म्हणतोय हेच माहीत नसतं. म्हणून आधी सगळं सांगायचं आणि मग विचारायचं. मी तिला आतल्या खोलीत घेऊन बसले. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. मरण झाकायला मराठीत शब्दांची कमी नाही: गेले, वारले, देवाघरी गेले, देवाज्ञा झाली. मोठ्यांना ते सोयीचे असतात, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला "गेले" म्हणजे परत येणार असंच वाटतं. "झोपले" म्हटलं तर रात्री गादीवर पडायची भीती बसते. "आजारी होते म्हणून" एवढंच म्हटलं तर पुढच्या सर्दीला आपणही मरणार असं वाटू शकतं. हंगेरीतल्या मुलांशी मरणाबद्दल बोलून मारिया नाजी यांनी 1948 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांखालची मुलं मरणाकडे एखाद्या प्रवासासारखं किंवा झोपेसारखं बघताना दिसली, तर नऊ-दहाच्या आसपासच्या मुलांना ते कायमचं आणि प्रत्येकाला येणारं आहे हे कळत होतं. पुढच्या अभ्यासांत ही समज बऱ्याच मुलांना त्याआधीच येताना दिसली, पण चार वर्षांचं आणि आठ वर्षांचं मूल यांच्यातला फरक कायम राहिला.

तर मी म्हटलं, "आबा मेले. त्यांचं हृदय खूप दिवस दुखणाईत होतं, ते बंद पडलं. आता त्यांचं अंग काहीच करत नाही. श्वास घेत नाही, ऐकत नाही. त्यांना भूक नाही, थंडी नाही, दुखत नाही." यातलं शेवटचं वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हटलं. पुढे आगीची गोष्ट निघणार असते, तेव्हा सगळी भिस्त त्यावर असते. मेलेल्या अंगाला काहीच जाणवत नाही हे आधी पटलं नसेल, तर "जाळतात" हा शब्द मुलाच्या पोटात गोळा आणतो.

मग बाहेर काय दिसेल ते सांगितलं, कारणासकट. आबा जमिनीवर ठेवलेत, कारण आपल्याकडे तशी पद्धत आहे. त्यांच्या तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल घातलंय. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधलीय, कारण मेल्यावर स्नायू सैल पडतात आणि तोंड उघडं राहतं. काही तासांनी अंग कडक होतं, म्हणून हे आधीच बांधून ठेवतात. पायाचे अंगठेही त्यासाठीच बांधलेत. नाकात कापूस आहे. इथे तिने पहिला प्रश्न विचारला, "मग श्वास कसा घेतील?" लगेच स्वतःच म्हणाली, "हां, ते घेतच नाहीयेत." मला तेव्हा कळलं की गोष्ट पोचली.

रंग पिवळट दिसेल, हात लावलास तर भिंतीसारखा गार लागेल, हेही सांगितलं. पुढे तिरडी येईल. बांबूची शिडी असते तशी, आणि आबांना तिच्यावर सुतळीने बांधतील, कारण जिन्यावरून उतरवताना घसरायला नको. बांधणं मुलांना फार भयंकर वाटतं. कारण कळलं की ते नुसतं सामान बांधण्यासारखं होऊन जातं.

आणि बाबा रडेल. मोठ्याने रडेल, कदाचित जमिनीवर बसून. माझ्या अनुभवात मुलं प्रेताला जितकी भितात त्याच्या कितीतरी पट जास्त आपल्या माणसाच्या रडण्याला भितात, आणि ते सांगायचं राहून जातं. "तो रडतोय म्हणून तो आजारी नाही. तुला त्याला शांत करायचं काम नाही," हे तिला सांगितल्यावर तिने पहिल्यांदा ब्रश खाली ठेवला.

यानंतर विचारलं, पण अख्खा प्रश्न एकदम विचारला नाही. अंत्यविधी ही एकच गोष्ट नसते, त्याचे पाच-सहा तुकडे असतात आणि मूल त्यातले हवे तेवढे घेऊ शकतं. दारातून बघणं, जवळ जाणं, फूल वाहणं, पाया पडणं, गेटपर्यंत निरोप देणं, स्मशानात जाणं, शेवटपर्यंत थांबणं. तिने झेंडूचं फूल निवडलं, हात लावायला नको म्हणाली, स्मशानात यायचं म्हणाली, पण दाहिनीचं दार बघायचं नव्हतं. "आणि मध्येच नको वाटलं तर?" "माझा हात दोनदा दाब. आपण निघू. कोणाला काही सांगायचं नाही." पाया पडण्यावरून कुरकुर झाली. मी म्हटलं, फूल वाहिलंय तिने.

मुलाचं हो खरं की आपल्याला खूश करायला, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ज्याला खरंच जायचंय ते प्रश्न विचारतं. जे नुसतं "चालेल" म्हणतं, मग पोटात दुखतंय म्हणतं, दोनदा बाथरूमला जातं, त्याला जायचं नसतं. त्याला "शहाणी मुलं येतात" असं म्हणून नेऊ नये. येऊ नको म्हणणाऱ्यालाही निरोपाचं काहीतरी हातात द्यावं. आमच्या साडेचार वर्षांच्या पठ्ठ्याने दारातून एकदा डोकावलं, "आबा कधी उठणार?" विचारलं, उत्तर ऐकलं आणि दूध मागितलं. मग त्याने कागदावर आबांची स्कूटर काढली, बहिणीने ती शालीखाली ठेवली, आणि तो काकूंकडे गेला. त्या दिवशी एवढंच त्याच्यापुरतं होतं. संध्याकाळी त्याने विचारलं, "स्कूटर पण जळली?" हो, जळली.

सोबतीचं माणूस कोण, हे मुलाच्या निर्णयाइतकंच महत्त्वाचं. आई-बाप नकोत. अग्नी देणाऱ्याला किंवा सुनेला मधूनच उठून जाता येत नाही, आणि जाऊही नये, त्यांचा निरोप अर्धा राहतो. मी मावशी, व्याही मंडळींतली. मला तिथून निघून जाताना काही गमवायचं नव्हतं. रिक्षापुरते पैसे, पाण्याची बाटली आणि तिच्या बाबाला आधी सांगून ठेवलेलं, की आम्ही दिसलो नाही तर शोधू नकोस.

अमेरिकेत बोस्टन परिसरात वर्डन आणि सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या 70 घरांतल्या 125 मुलांचा माग ठेवला होता. बहुतेक मुलं अंत्यविधीला गेली होती. ज्यांना आधी काहीच न सांगता नेलं होतं, त्यांच्यात दोन वर्षांनीही त्रास जास्त दिसला. तिथला अंत्यविधी वेगळा असतो, प्रेताला तयार करून पेटीत ठेवलेलं असतं, आग समोर नसते. म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण नुसतं नेणं पुरत नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे तर सांगायचं कितीतरी जास्त असतं. लाकडाची चिता असेल तर मी दहाच्या आतल्या मुलाला पेटवण्याआधीच बाहेर न्यायच्या मताची आहे. धूर, वास, तडतड आणि तासन् तास चालणारं ते सगळं, हे सांगूनही पेलत नाही. अपघातात चेहरा ओळखू येत नसेल तर तो झाकलेलाच राहू द्यावा. तसं मुलाला सांगावं, आणि हात दाखवता येतो.

विद्युतदाहिनीत गोष्ट आटोपशीर असते. ट्रॉली आत सरकते, दार खाली येतं. तिला मी सांगून ठेवलं होतं की आत अंगाची राख होईल, हाडांचे तुकडे उरतील, बाबा ते मडक्यात घेऊन येईल. आपल्या घरांत याला अस्थी म्हणतात हे तिला आधी माहीत नव्हतं. "म्हणजे आबांची हाडं," ती म्हणाली, आणि पुन्हा काही बोलली नाही.

स्मशानात सगळं सांगितल्याप्रमाणे घडत गेलं. तिचा बाबा मडकं खांद्यावर घेऊन फिरला, प्रत्येक फेरीला दगडाने भोक पाडलं, पाण्याची धार पडत राहिली, शेवटी मडकं मागे फुटलं. ती शांत उभी होती, मडकं फुटणार हे तिला माहीत होतं. मग गुरुजींनी बाबाला पालथा हात तोंडावर ठेवायला सांगितला आणि तो ओरडला. बोंब. तिचं सगळं अंग दचकलं. हात दोनदा दाबला गेला.

आम्ही निघालो. बाहेरच्या नळावर पाय धुताना ती म्हणाली, "मावशी, बाबाला काय झालं?" मी सांगितलं, तो शेवटचा निरोप असतो, सगळ्यांना कळावं म्हणून द्यायची पद्धत आहे, बाबा ठीक आहे. तिने नळ बंद केला. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

मडकं सांगितलं होतं, सुतळी सांगितली होती, कापूस सांगितला होता. बोंब सांगायची राहून गेली होती.