गिझरच्या हीटिंग एलिमेंटची छायाचित्रावरून ओळख

साठवण प्रकारच्या विद्युत गिझरमधील निकामी एलिमेंट बदलताना योग्य सुटा भाग मागवण्यासाठी गिझरचे छायाचित्र वापरले जाते. केवळ दर्शनी भागाचे छायाचित्र त्यासाठी पुरेसे नसते; कारण सारख्या दिसणाऱ्या गिझरांत वेगवेगळ्या क्षमतेची एलिमेंट असू शकतात. गिझरवरील माहितीपट्टीवर मॉडेल क्रमांक, व्होल्ट, वॉट व लिटर नोंदलेले असतात. म्हणून या पट्टीचे सुवाच्य छायाचित्र सर्वांत उपयुक्त ठरते.

पट्टी पुसली गेली असल्यास, वीजपुरवठा बंद करून व टाकी रिकामी करून जुने एलिमेंट बाहेर काढतात. त्याचे समोरून व बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतात. त्यावरून फ्लँजचा व्यास, बोल्टच्या छिद्रांतील अंतर आणि नळीची लांबी कळते. मोजपट्टीविना ही मापे छायाचित्रावरून ठरवता येत नाहीत.

वॉट मात्र आकारावरून ओळखता येत नाहीत. ते एलिमेंटवर कोरलेल्या आकड्यांवरून वाचावे लागतात. उदा., २३० व्होल्टवर २००० वॉटचे एलिमेंट सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते, तर ३००० वॉटचे सुमारे १३ अँपिअर. दुसरे पहिल्याच्या जागी अचूक बसले, तरी त्यामुळे तारा व थर्मोस्टॅट क्षमतेबाहेर तापू शकतात.